वलय की साखळी? मुलाच्या केमिस्ट्रीच्या पेपरवरून घरात वाद

फोंडेकरीण
मुलगा अकरावीला आहे, हायर सेकंडरीत सायन्स घेतलंय. शाळेबाहेरच्या क्लासची टेस्ट झाली, त्यातल्या ऑरगॅनिकच्या एका प्रश्नावरून घरात दोन दिवस धुसफूस चालली आहे. फोटो वर चढवलाय. तो त्यानेच रात्री ट्यूबलाइटखाली काढलाय, तिरका आणि अंधुक आहे, म्हणून प्रश्न लिहूनही देते.

(अ) एक चौकोन, त्याच्या एका कोपऱ्यातून नागमोडी शेपूट निघालेली. खाली C9H18 लिहिलंय. नाव द्या.
(आ) एक पंचकोन, त्याला आखूड शेपूट, शेपटीच्या टोकाला OH. खाली C8H16O. नाव द्या.
(इ) C5H10 चे आयसोमर काढा. 3 मार्क.

(अ) ला मुलाने लिहिलं पेंटाइलसायक्लोब्युटेन. सरांनी लाल रेघ मारली. उत्तरपत्रिकेत आहे 1-सायक्लोब्युटाइलपेंटेन. (आ) ला त्याने तोच न्याय लावून 3-हायड्रॉक्सिप्रोपाइलसायक्लोपेंटेन लिहिलं, तिथेही शून्य. उत्तर 3-सायक्लोपेंटाइलप्रोपेन-1-ऑल. (इ) मध्ये त्याने पाच काढले, सर म्हणतात सहा. एक मार्क गेला.

मार्कांचं मला फारसं काही नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. (अ) मध्ये चार कार्बनचं वलय, पाच कार्बनची साखळी, म्हणून साखळीला मान. (आ) मध्ये वलय पाचाचं आणि साखळी तिनाची, तरी मान साखळीलाच! मग नियम तरी कुठला? आमचे हे कॉमर्सवाले, ते म्हणतात सर सांगतात ते बरोबर. मी बीएस्सी बॉटनी, मला पटत नाही.

बाबुल_म्हापसा
फोटो मोठा करून बघितला. शेपटीला मला चारच कोपरे दिसतात. म्हणजे ब्युटाइलसायक्लोब्युटेन. चार इकडे, चार तिकडे. बरोबरी! आता टॉस करा.

साखळीकर
साखळी मोठी की वलय, हा प्रश्नच गैरलागू. साखळीच मोठी. पुढचा प्रश्न विचारा.

वेर्णेवाला
बाबुल, कोपरे चार आहेत, पण कार्बन पाच. रेघांच्या चित्रात साखळीचं मोकळं टोकसुद्धा कार्बन असतं, तिथे काही लिहिलेलं नसलं तरी. बहुतेक पोरं इथेच घसरतात. कोणी टोक विसरतो आणि चार म्हणतो, कोणी वलयाचा कोपराही साखळीत धरतो आणि सहा म्हणतो. मी नव्या मुलांना सांगतो, कोपरे मोजूच नका. वलयापासून बाहेर निघणाऱ्या रेघा मोजा. प्रत्येक रेघ तुम्हाला एका नव्या कार्बनवर नेऊन सोडते. फोटोत रेघा पाच आहेत.

आणि फोटो अंधुक असला तरी खालचं सूत्र स्वच्छ वाचता येतंय, ते फुकट नाही दिलेलं. चौकोनाचे 4 आणि शेपटीचे 5, झाले 9. हायड्रोजन बघू. चौकोनाच्या तीन मोकळ्या कोपऱ्यांवर दोन-दोन, शेपूट लागलेल्या कोपऱ्यावर एक, म्हणजे 7. शेपटीत चार वेळा दोन आणि टोकाला तीन, म्हणजे 11. एकूण 18. C9H18 जुळलं. तुमची बरोबरी धरली असती तर C8H16 आलं असतं. मोजणी संपली की सूत्राशी ताडून बघायचं, मगच नावाकडे जायचं.

एक वलय आणि बाकी सगळे एकेरी बंध असले की हायड्रोजन कार्बनच्या बरोबर दुप्पट येतात. तेवढं बघितलं तरी आपण कुठे एखादी दुहेरी रेघ नजरेआड केली का ते लगेच कळतं.

बाबुल_म्हापसा
पण त्या चौकोनाची एक बाजू जाड दिसते फोटोत. ती त्रिकोणी जाड रेघ असते ना, बंध कागदाच्या वर आला हे दाखवणारी? मग नावात सिस-ट्रान्स काहीतरी यायला नको का?

वेर्णेवाला
चांगलं टिपलंत, पण इथे तिला अर्थ उरत नाही. सिस-ट्रान्स म्हणायला वलयाच्या दोन वेगवेगळ्या कार्बनवर काहीतरी लागलेलं हवं, म्हणजे दोन्ही एका बाजूला की विरुद्ध बाजूंना असं विचारता येतं. इथे सगळ्या चौकोनाला एकच शेपूट. ती वर काढली काय आणि खाली काढली काय, कागद उलटा केला की तोच रेणू. त्यातून जाड दिसते ती वलयाची स्वतःची बाजू आहे, शेपटीची रेघ नाही. शाई पसरली असेल किंवा कागदाची घडी असेल.

नीटग्रस्त
मी यंदा नीट देतोय, हा नियम तोंडपाठ आहे. ज्याच्यात कार्बन जास्त तो मुख्य. साखळी 5, वलय 4, म्हणून साखळी मुख्य, उत्तर 1-सायक्लोब्युटाइलपेंटेन. सर बरोबर आहेत. (आ) मध्ये OH आहे, फंक्शनल ग्रुप ज्याच्यावर असेल तो मुख्य, मग कार्बन कितीही असोत. त्यामुळे तिथेही सर बरोबर. काकू, मुलाला सांगा आधी फंक्शनल ग्रुप बघ, नसेल तर कार्बन मोज. संपलं.

फोंडेकरीण
(आ) चं पटलं. म्हणजे माझा मोठा-लहान हा हिशोबच तिथे लागू नव्हता. मुलालाही दाखवलं, त्याने मान डोलावली, पण (अ) वर अजून अडून बसलाय. म्हणतो वहीत वलयाला मुख्य धरायचं असं कुठेतरी लिहिलेलं आहे.

मास्तर_पेडणे
मी बरीच वर्षं बारावीला केमिस्ट्री शिकवली, आता निवृत्त. (अ) मध्ये मुलगा चूक नाही, हे आधी सांगतो. नीटग्रस्त बाळा, तुझा (आ) अगदी बरोबर, (अ) मात्र अर्धाच.

कारण असं की हा नियम मध्ये बदललाय. रसायनांच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या आययूपीएसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 1979 च्या पुस्तकात नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या संयुगात वलय आणि साखळी दोन्ही आली तर दोन वाटा दिल्या होत्या. एक, ज्याच्यावर जास्त फांद्या लागतील त्याला मुख्य धरा. दोन, मोठ्याला मुख्य धरून लहानाला फांदी समजा. आपल्याकडच्या बऱ्याच गाइडांनी यातली दुसरी वाट तेवढी उचलली आणि तिचाच एकमेव नियम केला. तू पाठ केलास तो हाच.

2013 च्या शिफारशींत मात्र एकाच वर्गातल्या दोन दावेदारांत वलय नेहमीच साखळीच्या वर ठेवलं आहे. कार्बन मोजायचेच नाहीत. तीन कार्बनचं वलय आणि दहाची साखळी असली तरी नाव डेकाइलसायक्लोप्रोपेन. त्या हिशोबाने आपल्या (अ) चं पसंतीचं नाव पेंटाइलसायक्लोब्युटेन. रोजच्या वापरात संदर्भ पाहून साखळीला मुख्य धरायची मोकळीक त्यातही आहे, म्हणून 1-सायक्लोब्युटाइलपेंटेन अगदीच अशुद्ध म्हणता येणार नाही. पण पसंतीच्या नावावर लाल रेघ मारणं मला रुचलेलं नाही.

शिवाय या नावात 1 हा आकडा लिहावा लागत नाही, कारण वलयावर एकच शेपूट असेल तर ती कुठेही लागली तरी पहिलाच कार्बन. उत्तरपत्रिकेतल्या नावात मात्र 1 हवाच, साखळीच्या मधल्या कार्बनवर वलय लागलं तर वेगळा रेणू होतो.

(आ) मध्ये 1979 घ्या की 2013, निकाल एकच. मुख्य गट ज्याच्यावर, त्याचं घर मोठं. तिथे OH साखळीवर आहे, म्हणून साखळी. आकडे OH च्या बाजूने मोजायचे. OH असलेला कार्बन पहिला, वलय लागलं ते तिसऱ्यावर.

नीटग्रस्त
सर, आदर ठेवून सांगतो, परीक्षेत आन्सर की जुन्या पुस्तकावरून निघाली तर 2013 सांगून काय उपयोग? चार पर्यायांत 1-सायक्लोब्युटाइलपेंटेन असेल आणि पेंटाइलसायक्लोब्युटेन नसेलच, तर मी काय करू?

मास्तर_पेडणे
नसेल तर जे आहे त्यावर टिक कर आणि पुढे जा. दोन्ही असतील तर वलयवालं निवड. दोन्ही देऊन एकालाच बरोबर धरणारा प्रश्न आला तर त्यावर हरकत घेता येते, ती घ्यावी. परंतु लिखित उत्तरात, जिथे तू स्वतः नाव लिहितोस, तिथे वलयाला मुख्य धरायची सवय लाव.

नीटग्रस्त
आमच्या क्लासमध्ये असं लिहिलं तर मार्क जातात सर. मी तरी कार्बन मोजणार.

कुळागर
मी शेतकरी माणूस, काजू-सुपारी करतो, पण हे वाचून मजा येतेय. काजूच्या बिया भाजताना सालीतून जे तेल सुटतं ते हाताला लागलं की कातडी सोलून निघते, सगळ्यांना माहीत आहे. माझ्या भाच्याने मागे सांगितलं होतं की त्या तेलात एक वलय असतं आणि त्याला पंधरा कार्बनची लांबलचक शेपूट. सहाचं वलय, पंधराची शेपूट. मग त्याचं नाव शेपटीवरून का नाही?

मास्तर_पेडणे
कुळागरबाब, तुम्ही उदाहरण फार झकास दिलंत, आमच्या वर्गात हे कुणी कधी दिलं नाही. तुमच्या कच्च्या सालीतल्या तेलात मुख्यतः अॅनाकार्डिक आम्ल असतं. बेंझीनचं वलय, त्यावर COOH, शेजारी OH, आणि COOH च्या दुसऱ्या शेजारी ती पंधराची शेपूट. COOH हा OH च्याही वरचा गट, तो बसलाय वलयावर, म्हणून वलय मुख्य आणि नाव बेंझोइक आम्लावरून. शेपटीत सगळे एकेरी बंध असले तर 2-हायड्रॉक्सि-6-पेंटाडेसाइलबेंझोइक आम्ल. प्रत्यक्षात झाडात अशा रेणूंचं मिश्रण असतं, काही रेणूंच्या शेपटीत एक, दोन किंवा तीन दुहेरी बंध असतात.

बिया भाजल्या की उष्णतेने COOH कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि उरतं ते कार्डेनॉल. आता वलयावर फक्त OH, म्हणून नाव फिनॉलवरून, 3-पेंटाडेसाइलफिनॉल. म्हणजे फोंड्याच्या ताईंच्या (आ) चीच उलटी बाजू. तिथे OH शेपटीवर होता म्हणून शेपूट जिंकली, इथे वलयावर आहे म्हणून वलय. पंधरा कार्बन आहेत की पन्नास, कोण विचारतो.

कुळागर
देव बरें करूं. भाच्याला दाखवतो. हाताची कातडी मात्र नाव काहीही असलं तरी जातेच.

पावसाळी
मला (इ) चं आश्चर्य वाटतंय. C5H10 चे आयसोमर पाच किंवा सहा कसे? मी काढून बघितले, दहा येतात. पेंट-1-ईन, पेंट-2-ईन, मग मिथाइलब्युटीनचे तीन, हे पाच दुहेरी बंधाचे. आणि पाच वलयाचे. सर आणि मुलगा दोघेही चूक.

बाबुल_म्हापसा
दहा! चला, आता मार्क वजा होणार.

फोंडेकरीण
पावसाळी, तुमचं बरोबर आहे, फोटोत मुलाचा अंगठा आलाय. त्या अंगठ्याखाली "सायक्लिक" हा शब्द आहे. पेपर आत्ता समोर धरून बघितला, प्रश्न "सायक्लिक आयसोमर काढा" असा आहे. मीही लिहिताना फोटोवरूनच उतरवलं. मुलाला आता अंगठा कुठे ठेवायचा त्याचा वेगळा क्लास लावायला हवा.

पावसाळी
मग माझे वलयवाले पाच बरोबर, आणि मुलगाही बरोबर. सहावा सरांनी कुठून आणला?

वेर्णेवाला
सहावा आहे, आणि नीट मोजलं तर सातवाही आहे. प्रश्नात काय विचारलंय त्यावर ठरतं. वलयाच्या आकाराने उतरत गेलं की काही सुटत नाही, तसंच करतो.

पाचाचं वलय घेतलं तर सगळे कार्बन संपले. सायक्लोपेंटेन, एक.

चाराचं वलय, एक कार्बन उरला. तो कुठल्याही कोपऱ्यावर लावा, चौकोन फिरवला की तेच. मिथाइलसायक्लोब्युटेन, एक.

तिनाचं वलय, दोन कार्बन उरले. दोन्ही एकाला एक जोडून एकाच कोपऱ्यावर लावले की इथाइलसायक्लोप्रोपेन. सुटे सुटे लावले तर दोन शक्यता. एकाच कोपऱ्यावर दोन्ही मिथाइल, म्हणजे 1,1-डायमिथाइल. किंवा दोन वेगळ्या कोपऱ्यांवर, म्हणजे 1,2-डायमिथाइल. इथे पोरं हमखास 1,3 म्हणून आणखी एक काढतात. त्रिकोणात प्रत्येक कोपरा दुसऱ्या दोघांचा शेजारीच असतो, 1,3 वेगळा असूच शकत नाही. काढलेल्या चित्राला परत नाव देऊन बघायचं, आकडे लहानात लहान ठेवून. तसं केलं की 1,3 चं 1,2 होतं आणि पकडलं जातं.

झाले पाच. कोण कोणाला जोडलंय एवढंच बघायचं असेल तर उत्तर पाच, मुलाचं.

आता 1,2-डायमिथाइलसायक्लोप्रोपेन. त्रिकोणाचं वलय सपाट आणि ताठ, बंधाभोवती फिरायला जागाच नाही. दोन्ही मिथाइल वलयाच्या एकाच बाजूला असले तर सिस, विरुद्ध बाजूंना असले तर ट्रान्स. ही दोन खरोखर वेगळी संयुगं, उत्कलनबिंदूही वेगळे. हे धरलं की सहा, सरांचं उत्तर. बाकी चौघांत हा प्रकार येत नाही. 1,1 मध्ये दोन्ही मिथाइल एकाच कार्बनवर, उरलेल्या तिघांत वलयावर एकच फांदी किंवा काहीच नाही.

आणि ट्रान्सचं आरशातलं प्रतिबिंब काढा. ते मूळ चित्रावर ठेवून बघा, बसणार नाही. ती दोन वेगळी आहेत. सिसचं प्रतिबिंब बसतं, कारण त्याच्या मधून एक आरसा जातो, मोकळ्या CH2 मधून आणि समोरच्या बंधाच्या मध्यातून. एका मिथाइलचं प्रतिबिंब दुसऱ्या मिथाइलवर पडतं. म्हणून सिस एकच, ट्रान्स दोन. एकूण सात.

पावसाळी
आरशाची गोष्ट चित्राशिवाय डोक्यात बसत नाही हो.

वेर्णेवाला
टूथपिक आणि कणकेचे गोळे घ्या. त्रिकोण करा, दोन कोपऱ्यांवर एक टूथपिक वर आणि एक खाली खुपसा. दुसरं मॉडेल पहिल्याच्या समोर आरसा आहे असं समजून करा. मग एकावर एक बसवायचा प्रयत्न करा, कितीही फिरवून. कागदावर वाद घालण्यापेक्षा पटकन कळतं. एक मिथाइल जुळवलं की दुसरं भलत्याच बाजूला जातं.

माया_डिचोली
मधेच विचारते, रागावू नका. माझ्या मुलीलाही असंच झालं. षटकोन, एका कोपऱ्यावर इथाइल आणि एक कोपरा सोडून मिथाइल. तिने 1-मिथाइल-3-इथाइलसायक्लोहेक्झेन लिहिलं, लहान गट आधी म्हणून. मार्क गेला. हे सुद्धा जुना-नवा नियम प्रकरण आहे का?

मास्तर_पेडणे
नाही बाय, इथे जुनं-नवं काही नाही. दोन्ही बाजूंनी मोजलं तरी आकडे 1 आणि 3 च येतात, म्हणजे आकड्यांनी निकाल लागत नाही. मग इंग्रजी वर्णमालेत जो आधी तो 1 घेतो. ई आधी, एम नंतर. 1-इथाइल-3-मिथाइलसायक्लोहेक्झेन. लहान-मोठं या नियमात कुठेच नाही. मुलीला एवढं सांग की आधी आकडे, आकडे सारखेच आले तर अक्षरं. आणि डाय, ट्राय ही अक्षरं क्रम लावताना धरायची नाहीत, डायमिथाइल हा एम मध्येच जातो.

तिथेही सिस-ट्रान्स आहे, पण प्रश्नात बंध वर-खाली दाखवले नसतील तर नावात घालायचं नाही.

माया_डिचोली
कळलं. तिने लहान-मोठं कुठून काढलं देव जाणे. बहुधा पंगतीत वयाप्रमाणे बसवणाऱ्या आजीकडून.

बाबुल_म्हापसा
मास्तर, एक शंका. समजा वलयही दोन आहेत, साखळीही आहे, आणि OH कुठेच नाही. मग दोन वलयांत कोण?

मास्तर_पेडणे
साखळी तर बाद झालीच. दोन साध्या वलयांत जास्त कार्बनवालं. सहाचं आणि चाराचं असेल तर सहाचं. म्हणजे कार्बन मोजायचा नियम मेलेला नाही, तो वलय विरुद्ध वलय आणि साखळी विरुद्ध साखळी असा अजून चालतो. वलय विरुद्ध साखळी असा तेवढा चालत नाही. नीटग्रस्त, तुझ्या पाठांतरातलं एवढंच दुरुस्त कर.

नीटग्रस्त
आमच्या सरांना विचारून सांगतो.

वेर्णेवाला
ज्यांना स्वतः खात्री करायची त्यांनी हे पबकेम या रसायनांच्या संकेतस्थळावर चित्र काढायच्या खिडकीत टाइप करून बघा. फोटोतून मोजलेली रचना खरंच तशीच आहे का हे तरी डोळ्यांना दिसेल.

```
CCCCCC1CCC1
```

पहिले पाच C म्हणजे साखळी, पुढच्या C ला 1 लागला तिथे वलय उघडलं, शेवटच्या 1 ला मिटलं. सूत्र C9H18 आलं नाही तर टाइप करताना एखादा C कमी-जास्त झालाय. फॅक्टरीत आमच्याकडे बाटलीवरचं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं आलं की आधी हीच ओळ ताडतो. एकाच पदार्थाची दोन-तीन नावं ही रोजची गोष्ट आहे, त्यामुळे मला मुलाच्या लाल रेघेचं फार नवल वाटलं नाही.

साखळीकर
म्हणजे 2013 पासून साखळी दुय्यम. याचा मी जाहीर निषेध करतो. नगरपालिकेत ठराव मांडणार.

फोंडेकरीण
साखळीकर, ठरावाला अनुमोदन आमच्या ह्यांचं.

आज क्लासला जाऊन आले. सर चांगले वागले, खोटं कशाला बोलू. (इ) वर म्हणाले, पेपरात "स्टिरिओ" लिहिलं नव्हतं हे खरं, पण सायक्लिक म्हटलं की सिस-ट्रान्स धरायचा अशी वर्गात सूचना दिली होती. मुलगा म्हणतो दिली नव्हती. मग मी सातचं काढलं, तर म्हणाले अकरावीला एवढं नको. सहा बरोबर, पाच चूक आणि सात नको, हे मला अजून पचलेलं नाही.

(अ) वर त्यांनी गाइड उघडून दाखवलं, तिथे कार्बन मोजायचाच नियम छापलेला होता. मी 2013 चं सांगितलं तर म्हणाले तुम्ही लेखी आणून द्या, बघतो.

मास्तर_पेडणे
(इ) मध्ये सरांची बाजू अगदीच लंगडी नाही. नुसतं "आयसोमर" म्हटलं की त्यात सिस-ट्रान्सही येतात. पण मग आरशातली जोडीही येते, सहावर थांबायला कारण नाही. "स्ट्रक्चरल" शब्द असता तर पाच, काहीच नसताना सात. सहा हे मधलं स्टेशन आहे, तिथे उतरायचं तर पेपरात तसं लिहायला हवं.

मुलाला सांगा, पुढच्या वेळी पाच काढून झाले की 1,2 च्या चित्राखाली सिस आणि ट्रान्स अशी दोन चित्रं काढायची, ट्रान्सच्या शेजारी एका ओळीत लिहायचं की याची आरशातली जोडी वेगळी आहे. मग पाच मागणारा, सहा मागणारा, सात मागणारा, तिघांनाही हवं ते सापडतं.

(अ) साठी लेखी काय नेणार? शिफारशींच्या पुस्तकात तो भाग वरिष्ठतेच्या क्रमाच्या प्रकरणात आहे, पी-44 मध्ये. आययूपीएसीच्या मजकुराचं पान छापून न्या. वाचतील की नाही ते त्यांच्यावर.

पावसाळी
माझ्या शेजारच्या मुलाच्या क्लासमध्ये नेमकं उलट आहे, तिथे वलयाला मुख्य धरलं नाही तर मार्क कापतात. एकाच रस्त्यावर दोन क्लास आणि दोन नियम.

नीटग्रस्त
विचारलं आमच्या सरांना. म्हणाले आलेल्या पेपरमध्ये असा प्रश्न आला तर आन्सर की बघू. म्हणजे काहीच सांगितलं नाही.

फोंडेकरीण
पी-44 चं पान मुलगा आज छापतोय. वेर्णेवाले, तो विचारतोय की C6H12 चे वलयवाले, नुसते जोडणीचे, किती येतात? त्याला अकरा मिळालेत.

वेर्णेवाला
बारा. त्याला सांगा तिनाच्या वलयावर परत जा. तीन कार्बन उरतात, ते सगळे एकाच फांदीत असले तर ती फांदी सरळही असू शकते आणि मधून जोडलेलीही, प्रोपाइल आणि आयसोप्रोपाइल. बहुतेक तिथलं दुसरं सुटलं असेल. तसं नसेल तर त्याची अकरा नावं इथे टाका, बघू.